नवजात बाळाला साखरपाणी द्या, असं छापलंत?

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला उन्हाळ्यात बाळाची काळजी घेण्यावरचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. त्यात म्हटलंय, आईला दूध उतरायला तीन दिवस लागतात, तोवर बाळाची साखर कमी होऊ नये म्हणून साखरपाणी किंवा मधाचं बोट द्यावं. सोलापूरच्या उन्हात वरून दोन चमचे पाणीही पाजावं. आणि बाळ शांत झोपलं की पोट भरलं समजावं. तिन्ही वाक्यं चूक आहेत. मी 27 वर्षं नवजात बाळांच्या कक्षात परिचारिका होते, आणि या तिन्ही चुका एकाच घरात, माझ्या सख्ख्या भाचीच्या बाळंतपणात, पाहिल्या आहेत.

चार वर्षांपूर्वीचा मे महिना. भाची पहिलटकरीण, बाळंतपणाला सोलापुरात माहेरी आलेली. मुलगी झाली, वजन 2900 ग्रॅम. मी तेव्हा पुण्याला होते. तिसऱ्या दिवशी दोघींना घरी सोडलं. सोडताना बाळाचं वजन कुणी केलं नाही. कार्डावर जन्माचं वजन तेवढं होतं, घरी जातानाच्या वजनाला रकानाच नव्हता. त्या रात्री पोरगी खूप रडली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "दूध कुठं आलंय अजून? साखरपाणी द्या." दिलं, आणि ती गप्प झाली. पुढचे दोन दिवस तेच. दुपारी पत्र्याची खोली तापलेली, बाळ दोन-दोन दुपट्यांत गुंडाळलेलं, आणि घरातले सगळे म्हणतायत, किती गुणी बाळ आहे, रडतच नाही.

पाचवीच्या पूजेला मी पोचले. बाळाला मांडीवर घेतलं तर हातापायात जोरच नव्हता. छातीला लावलं की दोन ओढी घ्यायची आणि डोळे मिटायची. दुपट्यावर विटकरी रंगाचा डाग होता. भाची म्हणाली, "मावशी, उष्णता झालीय तिला. कालपासून असाच डाग पडतोय." तो रक्ताचा डाग नव्हता. लघवी फार घट्ट झाली की तिच्यातलं युरिक आम्ल खड्यांच्या भुकटीसारखं कापडावर उतरतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत असा डाग दिसला तर घाबरायचं कारण नसतं, पण चौथ्या दिवसानंतरही दिसला तर बाळाला दूध कमी पडतंय. पूजा तशीच टाकून आम्ही रिक्षा केली. वजन भरलं 2440 ग्रॅम. 460 ग्रॅम गेलेले, म्हणजे जवळजवळ 16 टक्के. पहिल्या दिवसांत 5 ते 7 टक्के वजन सगळ्याच बाळांचं उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत भरून येतं. 10 टक्क्यांच्या पुढे गेलं की रक्त तपासायला हवं. तिच्या रक्तातलं सोडियम निघालं 161, जे 145 च्या आत हवं, आणि साखर फक्त 36.

आता तुमच्या लेखकाचा साखरेचा मुद्दा. नाळ कापली की आईकडून येणारी साखर एका क्षणात बंद होते. पहिल्या एक-दोन तासांत निरोगी बाळाचीही साखर 30 च्या घरात जाऊ शकते. मग यकृतात साठवलेली साखर सुटते आणि आकडा आपोआप वर येतो. हा साठा जेमतेम अर्धा दिवस पुरतो. त्यानंतर बाळ स्वतः साखर बनवू लागतं, अंगातली चरबी जाळतं, आणि मेंदू त्या चरबीतून निघालेल्या इंधनावरही चालतो. या सगळ्याला साथ देण्यापुरता चीक आईला पहिल्या दिवसापासून असतो. एका वेळी चहाचा एखादा चमचा, कधी त्याहून कमी. बाळाचं पोटही तेवढंच असतं. साखरपाण्याने ते भरलं की बाळ छातीला लागत नाही, आणि बाळ ओढत नाही म्हटल्यावर दूध उतरायला आणखी उशीर होतो. भाचीच्या घरी नेमकं हेच झालं. मधाबद्दल तर वर्षाच्या आत बोटभरही नाही, त्यातल्या जंतूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. ज्या बाळाच्या आईला मधुमेह आहे, किंवा जे बाळ अडीच किलोच्या आत किंवा दिवस भरण्याआधी जन्मलं, त्या बाळाची साखर खरोखर धोक्याची पातळी गाठू शकते. त्याला टाच टोचून वेळोवेळी तपासणी लागते, घरचं साखरपाणी नव्हे.

आणि पाणी. आपल्याला पाणी कमी पडलं की आपली मूत्रपिंडं लघवी घट्ट करून पाणी वाचवतात. नवजात बाळाला हे आपल्या निम्म्यानेच जमतं. म्हणून दूध कमी पडलं की अंगातलं पाणी झपाट्याने जातं आणि रक्तात सोडियम साचत जातं. हे साचलेलं सोडियम पेशींतलं पाणी रक्तात ओढून घेतं, त्यामुळे बाळ वरवर तितकं सुकलेलं दिसत नाही, नुसतं मलूल होत जातं. मग वरून पाणी पाजलं तर काय बिघडलं, असं वाटेल. पण हीच मूत्रपिंडं जादा पाणी चटकन बाहेरही टाकू शकत नाहीत. रक्त गाळण्याचा त्यांचा वेग जन्मताना फार कमी असतो, दोन आठवड्यांत तो साधारण दुप्पट होतो. नुसतं पाणी फार झालं तर सोडियम उलट घसरतं आणि बाळाला झटके येतात. आईच्या दुधात जवळजवळ 87 टक्के पाणीच आहे, आणि ते या मूत्रपिंडांना झेपेल इतक्याच मिठाचं आहे. मे महिन्यातही वेगळं पाणी लागत नाही, छातीला जास्त वेळा घ्यावं लागतं.

भाचीच्या मुलीला आधी शिरेतून साखर दिली, मग सलाईन अगदी हळू. वाढलेलं सोडियम चोवीस तासांत 10 ते 12 पेक्षा जास्त उतरवायचं नसतं, घाई केली तर मेंदूला सूज येते. आम्हाला दोन दिवस लागले. तोवर भाची दर दोन तासांनी दूध पिळून वाटीत काढायची आणि मी चमच्याने पाजायची. पहिल्यांदा वाटीचा तळ जेमतेम झाकला, तेव्हा ती रडायला लागली. तिसऱ्या दिवशी अर्धी वाटी भरली.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. घरात पहिल्या दिवसापासून तयार डायपर होते. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, मग रोज पंधरा लंगोट धुणार कुठून? डायपर लघवी शोषून घेतो, हाताला कोरडाच लागतो, त्यामुळे शू किती वेळा झाली हे कुणालाच सांगता आलं नाही. तो डाग दिसला तोसुद्धा डायपर संपले म्हणून. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळाने दिवसाला किमान सहा लंगोट ओले करायला हवेत आणि शी काळ्याची पिवळी झालेली हवी. बाळंतिणीच्या घरी पहिले दहा दिवस तरी लंगोट धुण्यापुरतं पाणी मिळावं, हे मी महापालिकेला सांगून थकले. तुम्ही तरी छापा.

आणि चुकीची दुरुस्तीही छापा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत नको. लेख जिथे आला त्याच पानावर, तेवढ्याच ठळक मथळ्याखाली, याच आठवड्यात. कालची पुरवणी वाचून आज कुठल्यातरी घरात साखरपाणी कालवलं जात असेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर