रात्री नऊचं इंटरनेट : तिसरी लेखी तक्रार

प्रति,
विभागीय व्यवस्थापक, ग्राहक सेवा

विषय : १०० एमबीपीएसच्या जोडणीवर रोज रात्री ८.३० ते १०.३० मिळणारा १० एमबीपीएसचा वेग, आणि काल रात्री फोनवर झालेला अपमान

महोदय,

काल रात्री तुमच्या ग्राहक सेवा केंद्रातल्या माणसाने मला सांगितलं, "मॅडम, घरात सर असतील तर त्यांना फोन द्या." मी २४ वर्षं दहावीला गणित शिकवते आहे. जोडणी माझ्या नावावर आहे, सहा महिन्यांचे ४,२४८ रुपये मी माझ्या खात्यातून आगाऊ भरलेत आणि तक्रारही मीच केली आहे. आधीच्या दोन पत्रांना "राउटर बंद करून चालू करा" एवढंच उत्तर आलं. राउटर मी आजवर किती वेळा बंद-चालू केला ते मोजायचं सोडून दिलंय. म्हणून या वेळी मोजमापं घेऊनच लिहिते आहे.

मी सिंहगड रोडला धायरीत राहते. रात्री ८.३० ते ९ माझा ऑनलाइन वर्ग असतो. गेले दोन महिने त्यात एकच प्रकार चालू आहे. माझा आवाज मुलांना नीट जातो, पण मुलांचा माझ्यापर्यंत येत नाही. परवा वर्गसमीकरणं चालली होती. एका मुलीने शंका विचारली. मला ऐकू आलं ते एवढंच : "मॅडम... मायनस... दोन्ही बाजूंना का...". तीनदा विचारून ती मुलगी गप्प बसली. पोरगी शंका विचारायला धजली होती आणि मी तिला उत्तर देऊ शकले नाही. हे तुमच्या तिकीट क्रमांकात बसत नाही, म्हणून इथे लिहिलं.

तुमचा तंत्रज्ञ दोनदा आला, दोन्ही वेळा सकाळी अकराला. त्याने मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली, ९४ आकडा दाखवला आणि माझी सही घेतली. सकाळी ९४ येतो हे मलाही माहीत आहे. माझी तक्रार रात्री नऊची आहे.

तेव्हा मी आमच्या इमारतीत दार वाजवून विचारायला सुरुवात केली. पहिल्या चार घरी "नेट कसं आहे?" असं विचारलं, तर सगळ्यांनी "चांगलं आहे" सांगितलं. तो प्रश्नच चुकीचा होता. पुढे मी तीन गोष्टी विचारू लागले : रात्री नऊला व्हिडिओ कॉल तुटतो का, मागच्या वेळी बंद पडलं तेव्हा किती तासांनी आलं, आणि घरापर्यंत वायर कोणी ओढून दिली. मग उत्तरं बदलली. १५ घरांपैकी सहा तुमची निघाली. त्या सहापैकी पाच जण म्हणाले, यूट्यूब चालतं, पण ऑफिसचा कॉल तुटतो. वायरच्या प्रश्नाने आणखी एक गोष्ट उघड झाली. इमारतीत तीन कंपन्यांची नावं आहेत, पण तुमची आणि आणखी एका कंपनीची वायर एकाच केबलवाल्याची आहे. मागच्या महिन्यात रस्ता खणला तेव्हा दोन्ही एकाच वेळी बंद पडल्या. एकाला पर्याय म्हणून दुसरी घेणाऱ्या कुटुंबाला हे कुणीही सांगितलं नव्हतं.

मग सोमवार ते रविवार रोज सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री नऊ अशा तिन्ही वेळांना तीन घरांत टेस्ट घेतली : माझ्याकडे, आणि बाकीच्या दोन कंपन्यांच्या एकेका घरी. तिन्ही जोडण्या १०० एमबीपीएसच्याच. राउटरला केबलने लॅपटॉप जोडून, कारण वायफायवर शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दीही मोजली जाते आणि मग दोष कुणाचा ते कळत नाही. टेस्टच्या वेळी घरातला टीव्ही आणि सगळे फोन नेटवरून काढलेले. तुमच्या आणखी दोन ग्राहकांकडेही रात्री टेस्ट लावली, पण पाच-पाच मिनिटांच्या अंतराने, म्हणजे एकाच्या टेस्टचा भार दुसऱ्याच्या आकड्यावर पडला असं म्हणायला जागा नको.

आता मुख्य गोष्ट. टेस्टचं पान उघडलं की सर्व्हर आपोआप निवडला जातो, आणि माझ्याकडे तो दर वेळी तुमच्याच कंपनीचा निघाला. त्यावर रात्री नऊलाही ९२ येतात. तोच सर्व्हर बदलून मुंबईतला दुसऱ्या कंपनीचा घेतला की त्याच मिनिटाला ११ येतात. आठवडाभराचे माझे रात्री नऊचे आकडे १४, ११, ९, ११, १२, ८ आणि रविवारी ६. अपलोड एकदाही ४० च्या खाली गेला नाही. मुलांना मी ऐकू येते आणि मला मुलं ऐकू येत नाहीत, ते यामुळेच. त्याच सर्व्हरवर, त्याच वेळी दुसऱ्या कंपनीच्या घरी ८८ ते ९३ होते. तुमच्याच केबलवाल्याच्या वायरवर चालणाऱ्या तिसऱ्या कंपनीच्या घरी ५० ते ६०.

पुढचं तुमच्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, पण फोनवर कुणी ऐकूनच घेत नाही, म्हणून लिहून देते. आधी लॅपटॉपवर वाटेतली यंत्रं दाखवणारी ही आज्ञा चालवली :

```
tracert -d 8.8.8.8
```

यात पहिल्या ओळीत माझा राउटर येतो आणि दुसऱ्या ओळीत तुमचं पहिलं यंत्र. मग रात्री नऊला राउटर, तुमचं पहिलं यंत्र आणि बाहेरचा पत्ता, तिघांनाही एकेक करून शंभर पिंग, म्हणजे उत्तर मागणारे छोटे निरोप, पाठवले. बाहेरच्यासाठी असं :

```
ping -n 100 8.8.8.8
```

राउटरकडून उत्तर १ मिलिसेकंदात आलं, तुमच्या पहिल्या यंत्राकडून ४ मध्ये, आणि दोन्हीकडे एकही पिंग हरवला नाही. बाहेरच्या पत्त्याला मात्र सकाळी जे उत्तर ७ मिलिसेकंदात येतं त्याला रात्री १४० ते १९० लागले आणि शंभरातले सात पिंग परतच आले नाहीत. म्हणजे घरातली वायर, राउटर, फायबर आणि तुमच्या यंत्रापर्यंतची लाइन ठीक आहे. चोंदतं ते त्याच्या पुढे, जिथून तुमचं जाळं बाहेरच्या इंटरनेटला जोडलेलं आहे तिथे. ग्राहक वाढवले आणि बाहेर जाणारी वाट तेवढीच ठेवली की असंच होतं. यूट्यूब का चालतं याचं उत्तरही यातच आहे. जास्त पाहिले जाणारे व्हिडिओ साठवणारे सर्व्हर इंटरनेट कंपन्या आपल्याच जाळ्यात बसवून घेतात, त्यामुळे ते त्या चोंदलेल्या वाटेने येतच नाहीत. तंत्रज्ञाची टेस्टही तुमच्याच सर्व्हरवर होते, म्हणून तीही त्या वाटेने जात नाही. दहा तंत्रज्ञ पाठवलेत तरी या पद्धतीने दोष सापडणार नाही.

हे मोजमाप एका इमारतीचं आणि एका आठवड्याचं आहे. शेजारच्या सोसायटीत चित्र वेगळं असू शकतं, आणि आज ९० देणारी कंपनी ग्राहक वाढल्यावर उद्या तुमच्यासारखी वागू शकते. तरीही सात रात्री ओळीने, तुमच्या तीन घरांत सारखाच आकडा येणं हा योगायोग नाही.

हे सगळं समोर ठेवून काल रात्री ९.२० ला फोन केला. २२ मिनिटं थांबल्यावर माणूस आला.

"मॅडम, आमच्याकडून लाइन क्लिअर दिसतेय."

मी म्हटलं, "लाइन क्लिअरच आहे. तुमच्या सर्व्हरवर ९२ येतात, बाहेरच्या सर्व्हरवर ११. बाहेर जाणाऱ्या लिंकवर आत्ता किती लोड आहे ते बघून सांगा."

"दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरची जबाबदारी आमची नाही, मॅडम."

"मग मी पैसे कशाचे भरते? तुमच्याच सर्व्हरशी बोलायचे?"

तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, हे जरा टेक्निकल आहे. घरात सर असतील तर त्यांना फोन द्या."

मी म्हटलं, घरात सर नाहीत, जे आहे ते मीच आहे, आणि आकडे मीच घेतलेत. त्यावर तो म्हणाला, "मग सर आल्यावर फोन करा," आणि फोन ठेवला. ९.५१ ला मेसेज आला : तुमची तक्रार तुमच्या समाधानानुसार निकाली काढण्यात आली आहे. माझं समाधान झालं हे कुणी ठरवलं? मला न विचारता माझ्या नावाने खोटी नोंद कुणी केली, हे मला लेखी हवं आहे. संथ नेट मी दोन महिने सोसलं. "सरांना फोन द्या" हे मी सोसणार नाही.

चार वर्षांपूर्वी ही जोडणी घेतली तेव्हा आमच्या गल्लीत तुमच्याइतकी चांगली सेवा कुणाची नव्हती. मीच तुमचं नाव सुचवून चार घरं तुमच्याकडे आणली. त्यातली दोन घरं आता मला विचारतात की आम्ही काय करायचं, आणि मला त्यांच्यापुढे मान खाली घालावी लागते. याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझ्या मागण्या अशा. आमच्या भागातून बाहेर जाणाऱ्या लिंकचा गेल्या ३० दिवसांतला रात्री ८ ते ११ चा वापर लेखी कळवा. गर्दीच्या वेळी हा वापर ८० टक्क्यांच्या आत राहावा अशी मर्यादा ट्रायच्या सेवा गुणवत्तेच्या नियमांत घातलेली आहे, तेव्हा हा आकडा तुमच्याकडे नाही असं सांगू नका. उरलेल्या चार महिन्यांचे २,८३२ रुपये परत करा. कालच्या फोनची ध्वनिफीत जपून ठेवा, आणि त्या माणसाकडून नव्हे तर त्याला असं बोलायची मुभा देणाऱ्याकडून लेखी माफी द्या.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर तुमच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाईन आणि तिथून पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि माझ्या एवढ्याशा रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्कही लागत नाही. वकील लावणार नाही. आकडे माझे आहेत, मीच उभी राहून सांगेन.

सात दिवसांच्या टेस्टचे फोटो वेळेसह सोबत जोडले आहेत. शेजाऱ्यांनी आपापल्या आकड्यांखाली सही केली आहे. शनिवारी सकाळी दुसऱ्या कंपनीचा माणूस वायर टाकायला येतोय. तुमचा राउटर मी संध्याकाळी पाचनंतर देऊ शकेन, साडेआठच्या आत माणूस पाठवा. त्यानंतर माझा वर्ग असतो.

आपली ग्राहक
(नाव आणि ग्राहक क्रमांक पाकिटावर लिहिले आहेत)