पहिला टप्पा पूर्ण (असं मी म्हणतोय)

प्रिय सच्या,

आठ महिने झाले, ना फोन ना काही, शिव्या घाल, हक्क आहे तुझा. तब्येत ठीक, आईचा गुडघा तसाच. मुद्द्यावर येतो, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो हसेल नाहीतर उपदेश करेल.

घराचं. गेल्या जूनमध्ये मी आणि स्मिता कागद घेऊन बसलो होतो. रीसेलचा फ्लॅट, 55 लाख. बँक 80 टक्के देणार, म्हणजे 11 लाख आपले. पण पुण्यात स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, झाले 3 लाख 85 हजार, रजिस्ट्रेशनचे 30 हजार, आणि यासाठी बँक दमडी देत नाही. एकूण 15 लाख 15 हजार. हातात तीन होते. उरलेले चार वर्षांत जमवायचे म्हणजे वर्षाला तीन लाख, वरचे 15 हजार व्याजावर सोडले. बोनसचे 60 हजार वजा केले की महिन्याला 20. त्यातले 14 पगार झाला की दुसऱ्या दिवशी आरडीत, आणि 6 हजार आठवड्याला 1500 करून, कारण बाहेरचं खाणं, रिक्षा, चहापाणी हे पैसे आठवड्याच्या हिशोबानेच उडतात, मग वाचवायचेही तिथूनच ना. दर तीन महिन्यांनी आकडा कपाटाच्या दाराच्या आत लिहायचा. खडूने. स्मिताची आयडिया.

आरडी एकदाही चुकली नाही रे. बोनसही गेला. मेला तो आठवडा. पहिल्या तिमाहीत 18 हजार पूर्ण, दुसरीत 9, तिसरीत 5, चौथीत शून्य. खरं तर दुसऱ्या आकड्यालाच कळायला हवं होतं. पण मी म्हटलं, पुढच्या तिमाहीत भरून काढू. सच्या, 9 हजारांची तूट पुढच्या 13 आठवड्यांवर पसरली तर आठवड्याला जेमतेम 700 जास्त पडतात, ते जमलं असतं. वर्षअखेर तीच 40 हजार झाली. चूक कुठे झाली तेही माहीत आहे, ते 1500 ज्या खात्यात ठेवत होतो त्यालाच यूपीआय जोडलेलं. वडापावसुद्धा घराच्या पैशातून.

आता हस. परवा वर्षाचा आकडा लिहायचा होता, स्मिता खडू घेऊन उभी, आणि मी आदल्या दिवशी अडीनडीच्या एफडीतले 40 हजार मोडून तिकडे टाकले. तिने मोठ्या अक्षरात लिहिलं, 3,00,000. वर टिकमार्क.

आठवली ना भिशी? तू पम्याकडून तीन हजार उसने घेऊन हप्ता भरलास आणि मी सगळ्यांसमोर तुला चोर म्हणालो, मग दीड वर्ष बोलत नव्हतो. माफी मागतो म्हण, नाहीतर नको म्हणू, तेव्हा गोव्याचे माझे पैसे तूही अजून दिलेले नाहीस.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. त्याच सोसायटीत तसलाच फ्लॅट आता 58 ला मागतायत. तीन लाख वाढले, त्यावर आपला वाटा 20 आणि 7 मिळून 27 टक्के, म्हणजे आमचं टार्गेट 81 हजारांनी पळालं. खरे जमले 2 लाख 60 हजार, त्यातले 81 गेले, वर्षभर धावून पावणेदोन-एक लाखच पुढे सरकलो. उरलेल्या तीन वर्षांत महिन्याला 20 च्या जागी जवळपास 24 लागतील. घर एकट्या स्मिताच्या नावावर घेतलं तर ड्युटीत एक टक्का सवलत आहे, 58 हजार वाचतात, मग 22 च्या आसपास येतं. पण ते तिला सुचवायचं तर आधी खरा आकडा सांगावा लागेल.

दोन गोष्टी केल्यात. 1500 आता सोमवारी सकाळीच दुसऱ्या बँकेत आपोआप जातात, त्या खात्याचं ना कार्ड ना यूपीआय. आणि तिमाहीला नुसतं घराचं खातं बघायचं नाही, एफडी धरून सगळ्यांची बेरीज मागच्या वेळेपेक्षा किती वाढली ते बघायचं. इकडचे तिकडे केले तर ती हलत नाही, लगेच सापडतो माणूस.

तुझी बदली झाली म्हणे? छोटीचं काय, बोलते का आता? वहिनींना नमस्कार.

कपाटाच्या दारावर तो टिकमार्क अजून आहे. शर्ट काढताना रोज दिसतो. रविवारी स्मिताला सांगेन म्हणतोय. तू तेव्हा पम्याचं सगळ्यांना कसं सांगितलं होतंस, सुरुवात कुठून केलीस, तेवढं शनिवारच्या आत कळव.

तुझाच,
बंड्या