एकाच कागदावर मावेल एवढी मागणी: शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूरु

सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत अडतीस वर्षे शिकवून 2012 साली निवृत्त झालो. आपल्याला लिहायचे गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून, म्हणजे 2025 पासून, मनात आहे. 7 मे रोजी देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल ठरली होती आणि त्याच पहाटे युद्धाला तोंड फुटले. आपल्याकडे उन्हाळी सुट्टी होती, शाळांना कुलूप होते, म्हणून कुणालाच प्रश्न पडला नाही. पण त्याच पहाटे पूंछमध्ये एका शाळेच्या मागे तोफगोळा पडला. तो एका घराला लागला आणि त्या शाळेतल्या दोन मुलांचा आपल्याच घरात जीव गेला. शाळा बंद होती म्हणून वर्गात कुणी नव्हते. गोळाबारी चालू असताना शाळेतले काही कर्मचारी आणि आसपासचे लोक शाळेच्या तळघरातल्या सभागृहात थांबले होते. परराष्ट्र सचिवांनी हे पत्रकार परिषदेत सांगितले तेव्हा माझ्या मनात एकच आले, की शाळा चालू असती तर मुलांना तळघरात न्यायचे की घरी सोडायचे, हे कुणी ठरवले असते? आणि किती मिनिटांत?

आमच्या शाळेत हे एकदा ठरवावे लागले होते. मी तेव्हा चौथीत होतो.

तारीख 18 डिसेंबर 1961, वार सोमवार. गोवा मुक्तीची लष्करी कारवाई सुरू झाली तो दिवस. आमचे गाव सांबऱ्याच्या धावपट्टीपासून दोन मैलांवर. त्या सकाळी सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे वायरलेस केंद्र उडवले, हे मला पुढे मोठेपणी कळले. त्या दिवशी आम्हाला फक्त आवाज माहीत होता. विमान डोक्यावरून गेले की शाळेची कौले खडखडत आणि आढ्यातली माती पाटीवर पडे. गोव्यात पोर्तुगिजांचे एकही लढाऊ विमान नव्हते, हे आज पुस्तकात वाचता येते. त्या दिवशी गावात हे कुणालाच ठाऊक नव्हते. चावडीवर बोलणे एकच, की आपली गेली तशी त्यांचीही येतील, आणि आली की पहिला बॉम्ब सांबऱ्यावर.

शाळा एकशिक्षकी. गुरुजी, आम्ही पोरे आणि एक घंटा. फोन नव्हता, हुकूम आणणारे कुणी नव्हते.

गुरुजींनी पहिली गोष्ट ठरवली ती शाळा न सोडण्याची. गावातले दोघेतिघे येऊन सांगत होते, पोरांना घरी पाठवा. गुरुजींनी त्यांना विचारले, घरी कोण आहे? सुगीचे दिवस. निम्म्या गावाची मळणी चालू होती, माणसे पहाटेपासून खळ्यावर, घराला कडी. सोडलेली पोरे रिकाम्या घरात बसणार नव्हती, ती विमाने बघायला थेट धावपट्टीकडे पळाली असती. मी तर नक्कीच पळालो असतो. आणि वाटेत बेळगावच्या रस्त्यावर लष्करी ट्रकांची रीघ. म्हणून मुले शाळेतच राहतील, एवढे गुरुजींनी ठरवून टाकले.

मग डोकी मोजली. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण मोजणीत किती सहज चूक होते ते त्यात दिसते. हजेरीपटावर त्या दिवशी अडतीस मुले हजर होती. गुरुजींनी पट बाजूला ठेवला, प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत मोजले, तर भरली त्रेचाळीस. मोठ्या बहिणी धाकट्या भावंडांना काखेत घेऊन शाळेत यायच्या, ती पाच पोरे पटावर नव्हतीच. पटाप्रमाणे अडतीस मोजून गुरुजी निर्धास्त झाले असते, तर हरवलेले पोर हरवले म्हणून कळलेसुद्धा नसते. त्यांनी पाटीवर मोठा 43 लिहिला आणि ती पाटी दिवसभर काखेत बाळगली.

पुढचा प्रश्न जागेचा. शाळेच्या भिंती मातीच्या, वर मंगळुरी कौले. नुसत्या हादऱ्याने कौल निसटले तरी खाली डोकी. तेवढ्यात गावचे पाटील आले. त्यांच्या वाड्यामागचे पेव नुकतेच रिकामे झाले होते. ते म्हणाले, "गुर्जी, पोरं पेवात सोडूया की. जमिनीच्या पोटात काय व्हतंय?" सगळ्यांना ते पटले. गुरुजींना नाही. ज्यांनी पेव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: सुरईसारखा खड्डा, तोंड एक माणूस उतरेल एवढे, आत पोट मोठे. बंद पेवात जोंधळा श्वास घेत राहतो, आतली चांगली हवा संपते आणि जड, वाईट हवा तळाशी साचते. म्हणून पेव उघडले की जाणते लोक ते दिवसभर तसेच ठेवतात, दोरीने कंदील सोडून बघतात आणि मगच उतरतात. कंदील विझला तर उतरायचे नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. पण कंदील तेवत राहिला म्हणजे हवा चांगलीच आहे असेही नाही, आणि वीस-तीस पोरे आत कोंबली तर उरलीसुरली हवाही थोड्याच वेळात संपते. शिवाय चढायला एकच तोंड. गुरुजी पाटलांना एवढेच म्हणाले, "अण्णा, बाँब पडंल का न्हाई ठाऊक न्हाई. पेवात हवा न्हाई हे ठाऊक हाय."

शाळेच्या मागे शेताचा बांध होता आणि बांधाला लागून पावसाळ्यात पाणी काढायची चर. डिसेंबरात कोरडी, आमच्या छातीएवढी खोल. आम्हाला तिथे नेले. वडाच्या सावलीत बसू द्या म्हणून आम्ही हट्ट केला. फांदी मोडते म्हणून गुरुजींनी तो मानला नाही. डोक्यावरच्या पांढऱ्या टोप्या काढून खिशात घालायला लावल्या, त्या वरून दिसतात म्हणून.

एका गोष्टीवर मी पुढे शिक्षक झाल्यावर खूप विचार केला आहे. जाणकार सांगतात, मुले एका ठिकाणी ठेवू नयेत, विखरून ठेवावीत, म्हणजे एक गोळा सगळ्यांना लागत नाही. गुरुजींनी आम्हाला एकाच रांगेत ठेवले, एक मोठा, एक लहान असे. तीन ठिकाणी वाटले असते तर दोन ठिकाणी मोठे माणूस नसते. शिक्षक एकच होता. रांगेच्या मधोमध उभे राहिले की दोन्ही टोके त्यांना दिसत. मला आजही त्यांचेच बरोबर वाटते, पण दोन शिक्षक असते तर उत्तर वेगळे असते, आणि हा फरक कुठल्याही परिपत्रकात मला कधी दिसला नाही.

दोन घागरी पाणी चरीत आणून ठेवले होते. धाकट्यांसाठी चरीचे एक वळण सोडून दिले होते, लघवीला. घंटा दिवसभर वाजवली नाही. गुरुजींनी सांगून ठेवले, घंटा ऐकू आली तर समजा सगळे संपले, तोपर्यंत कुणीही काहीही ओरडले तरी उठायचे नाही. कुणीतरी विचारले, ही विमाने आपली का? ते म्हणाले, मला वाटते आपली आहेत, पण मी पाहिलेले नाही.

दुपारनंतर आईबाप येऊ लागले. खरी ओढाताण तेव्हा झाली. सगळ्यांना आपले पोर आधी हवे. गुरुजींनी बांधावर बसून एकेक नाव वहीत लिहिले, कोण घेऊन गेले ते लिहिले, अंगठा घेतला आणि मगच मूल चरीतून वर काढले. बारा वर्षांचा एक भाऊ धाकट्याला न्यायला आला, त्याच्या हाती दिले नाही. उलट त्यालाही चरीत बसवले आणि पाटीवरचा आकडा एकने वाढवला. बाप आल्यावर रागावला, बोलला. गुरुजींनी ऐकून घेतले.

गावावर काहीच पडले नाही. दुसऱ्या दिवशी रात्री पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली.

साहेब, आता आजचे सांगतो. माझ्या नोकरीत आपत्ती व्यवस्थापनाचे कागद पुष्कळ आले. एका शाळेत तर ते फक्त कन्नडमध्ये आले. मी कन्नड वाचतो, मुलांना शिकवलेही आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या शाळेतल्या स्वयंपाकीण बाई आणि शाळेच्या देखरेख समितीचे, म्हणजे एसडीएमसीचे, निम्मे सदस्य फक्त मराठी वाचत, आणि मुलांना बाहेर काढायला पहिले हात त्यांचेच लागणार होते. वरच्या कार्यालयात मराठी प्रत मागितली, ती आली नाही. शेवटी मीच रात्री बसून हाताने भाषांतर केले.

आज फोन आहेत आणि त्यानेच एक नवी अडचण केली आहे. पालकांच्या ग्रुपवर एक निरोप गेला की दहा मिनिटांत फाटकावर तीनशे माणसे आणि शंभर मोटरसायकली. मुले आत सुरक्षित, पण फाटकाशी चेंगराचेंगरी. निरोप पाठवायचा तर त्यात वर्गवार वेळ हवी, आणि मूल कुणाच्या हाती दिले याची कागदी वही हवी, कारण गर्दीत नेटवर्क पहिल्यांदा जाते आणि ऑनलाइन हजेरी उघडत नाही. शिवाय त्या हजेरीत आवारातल्या अंगणवाडीची पोरे नसतातच. 1961 सालची काखेतली पाच पोरे आज तिथे बसली आहेत.

माझी मागणी एका कागदाची आहे. प्रत्येक शाळेने तो स्वतः भरावा, कारण आमच्या चरीचे उत्तर दुसऱ्या गावाला लागू पडत नाही. मुले ठेवायची की सोडायची हे वरून फोन येईपर्यंत कोण ठरवणार, त्याचे नाव त्यावर असावे, आणि तो अधिकार मुख्याध्यापकाला मंत्री म्हणून आपल्या सहीने मिळावा. आज तो धजत नाही, उद्या चौकशी लागेल म्हणून. मुलांना बसवायची जागा लिहिलेली असावी: स्लॅबची खोली असेल तर खिडकीच्या काचेपासून दूर, आतल्या भिंतीशी, नुसती कौले असतील तर बाहेर कुठे, आणि पावसाळ्यात ती चर पाण्याने भरली तर दुसरे कुठे. शिक्षक किती हजर असतील तर मुले किती ठिकाणी, तेही. आणि तो कागद बेळगाव आणि चिकोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांतल्या मराठी शाळांत कन्नडबरोबर मराठीतही भिंतीवर लागावा, स्वयंपाकघरात एक प्रत.

त्या सोमवारी एका मुलीला न्यायला कुणीच आले नाही. तिची आई मजुरीला दूरच्या गावी गेली होती आणि ट्रकांच्या रांगेमुळे वाटेतच अडकली. अंधार पडला तरी गुरुजी आणि ती मुलगी बांधावर बसून होती. आई पोचली तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. गुरुजींनी कंदिलाच्या उजेडात वही उघडली, तिचा अंगठा घेतला, पाटी पुसली, आणि मग घंटा वाजवली. आम्ही सगळे घरी अंथरुणात होतो. ती ऐकू आली.

आपला नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापक
बेळगाव तालुका