काकू, काका, उद्या गडबडीत बोलता येणार नाही म्हणून

काका आणि काकू,

उद्यापासून आई-बाबा म्हणायचंय, आज शेवटचं काका-काकू म्हणून घेतो. इकडे आत्या आणि मावश्या अजून जाग्या आहेत, कुणाची साडी कुणाच्या बॅगेत गेली यावर भांडण चाललंय, आणि मी गच्चीवर येऊन मोबाईलवर हे टाइप करतोय. समोर उभं राहून मला हे जमलं नसतं.

तुमची लेक मला देताय म्हणून थँक्यू म्हणणार होतो, पण ती काय वस्तू आहे का द्यायला, हे तीच मला ऐकवेल. म्हणून असं म्हणतो की तुम्ही तिला असं वाढवलंत की स्थळ बघायला आलेल्या माणसाला ती पहिल्याच भेटीत विचारते, "तुमच्या घरात निर्णय कोण घेतं?" मी म्हटलं आई. त्यावर ती हसली, आणि माझं तिथेच ठरलं.

पण खरा विषय साखरपुड्याचा आहे काकू. बाबा गेले तेव्हा मी दहावीला होतो. त्यानंतर आमच्या घरी कितीतरी बारशी, मुंजी, लग्नं झाली आणि प्रत्येक वेळी आई स्वयंपाकघरात. स्वतःच्या भावाच्या पोरीच्या हळदीतसुद्धा. आधीच्या एका स्थळाने तर पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, "विधींना मुलाचे काका-काकूच बसतील ना?" म्हणजे आईचं काय करायचं ते आमचं आम्हीच ठरवून आलो असणार असं त्यांनी धरलेलं. दुसऱ्या एकांना पत्रिकेत आईचं नाव खाली हवं होतं. शिकलेली माणसं बरं का, आणि हे सगळं आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात, जिथे शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. कागदावर आलं, लोकांच्या डोक्यात यायला वेळ लागतो.

त्या दिवशी हळदी-कुंकवाचं तबक फिरत होतं आणि आई नेहमीसारखी दारापाशी, हातात डिशांची चळत धरून. तुम्ही तिच्यासमोर थांबलात. ती मागे सरकली, म्हणाली, "नको हो, मला चालत नाही." आणि तुम्ही एवढंच म्हणालात, "मला चालतं." तिच्या हातातल्या डिशा काढून काकांकडे दिल्यात, कुंकू लावलंत, खण-नारळाने ओटी भरलीत, गजरा दिलात. भाषण नाही, काही नाही, आणि लगेच पुढच्या बाईकडे गेलात. काका डिशा घेऊन तसेच उभे.

घरी आल्यावर आईने तो गजरा आधी देवाला दाखवला, मग डोक्यात घातला, आरशात बघून काढला, परत घातला. मी दारातून बघत होतो, तिला माहीत नाही.

आता माझं. उद्या कन्यादानाच्या वेळी काका म्हणतील, धर्मात, अर्थात, कामात हिला डावलून जाऊ नकोस, आणि मी तीनदा म्हणायचं, नातिचरामि. गुरुजींच्या मागे पोपटासारखं म्हणायचं नाही म्हणून अर्थ नीट विचारून घेतला. अर्थ म्हणजे पैसा, तर तिचा पगार तिच्या खात्यात, तुम्हाला किती पाठवायचे ते ती मला विचारणार नाही. घर, गाडी, कर्ज, सही करायच्या आधी दोघांचं बोलणं होईल. तांदळात अंगठीने नाव लिहायचंय ते तुम्ही ठेवलेलंच लिहिणार. आत्या नवीन नावांची लिस्ट घेऊन बसलीय, तिला मी बघतो. भांडणं होतील, तुमची लेक काही कमी नाही, पण "माहेरी जा" हे वाक्य माझ्या तोंडून येणार नाही. आलंच तर काका, सरळ येऊन कान धरा, कानपिळीचा मान मेव्हण्याचा असला तरी.

पाय मात्र धुवू दिले नाहीत आज सीमांतपूजनात, त्याचा राग नसावा. तुमच्या वयाच्या माणसाने माझ्या पायाशी बसायचं हे मला झेपत नाही.

एक काम आहे काकू. ऐरणीदानात दिवे लावलेली झाल आमच्याकडच्यांच्या डोक्यावर ठेवून, पोटच्या पोरासारखी वाढवलेली ही पोर आता मायेने सांभाळा, असं सांगतात ना, ती पहिली आईच्याच डोक्यावर ठेवायची. गुरुजींना मी सांगितलंय, ते तयार आहेत. पण आई ऐनवेळी मागे सरकून आमच्या काकूला पुढे करणार, मला माहितेय. माझं ती ऐकत नाही. तिला हाताला धरून पुढे आणायला तुम्हीच लागाल.

तुमचा,
होणारा जावई