आजीच्या हनुवटीवरचे तीन ठिपके डाग समजून पुसले नाहीत, त्याबद्दल

दादा, तुमचं नाव लिहू नका असं तुम्हीच बजावलंय म्हणून लिहीत नाही. सांगलीत विश्रामबागेतल्या, जुने फोटो दुरुस्त करणाऱ्या त्या छोट्या दुकानात येणाऱ्यांना कळेलच. तुमचे समोर नीट आभारही मानता आले नाहीत, कारण त्या दिवशी आत्या रडायला लागल्या आणि त्यांना सावरून रिक्षात बसवण्यातच माझा वेळ गेला. म्हणून इथं लिहितेय, सगळ्यांसमोर.

आमच्या घरात आजीचा एकच फोटो. पोस्टकार्डाएवढा, 1958 च्या आसपासचा, मिरजेच्या स्टुडिओत काढलेला. मधे आजोबा फेटा बांधून खुर्चीवर, शेजारी आजी, तिच्या मांडीवर माझे वडील तान्हे, आत्या दहा वर्षांच्या असतील त्या पुढं उभ्या, मागं दोन काका. आजी गेली तेव्हा वडील शाळेत होते, त्यामुळं तिचा चेहरा नीट आठवणारं माणूस म्हणजे आता आत्याच. फोटो आधीच फिका पडून पिवळा झालेला, आणि 2019 च्या पुरात गावभागातल्या आमच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं तेव्हा भिंतीवरच्या फ्रेमसकट पाण्यात गेला. पाणी ओसरल्यावर फ्रेम मिळाली पण फोटो आतल्या बाजूनं काचेला चिकटून वाळलेला, वर चिखलाचे बारीक डाग.

तुमच्याकडं यायच्या आधी मी दोन ठिकाणी फिरले. पहिल्या ठिकाणी त्यांनी मला न विचारता काचेत ब्लेड घालून फोटो सोडवायला घेतला आणि उजव्या कोपऱ्यातला पडदा काचेवरच राहिला, कागदावर पांढरी जागा. तो कोपरा चेहऱ्यापासून लांब होता एवढंच नशीब. दुसऱ्यानं काउंटरवरच मोबाईलवर फोटो काढला, ट्यूबलाइटची चमक काचेवर तशीच, कुठल्यातरी ॲपमधे टाकला आणि पाच मिनिटात मोठी प्रिंट हातात दिली. प्रिंट लखलखीत, सगळ्यांचे डोळे चकाचक, आजी गोरीपान, निळ्या लुगड्यात. मी खुश होऊन ती प्रिंट आत्यांकडं घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "आजोबा बरोबर हायत. पण ही बाई कोन? ही आमची आई न्हाई." मला वाटलं वय झालंय, विसरल्या असतील. माझी ती चूक होती. त्या अगदी बरोबर बोलत होत्या आणि ते मला तुमच्या दुकानात बसल्यावर कळलं.

तुम्ही आधी फोटोला हातच लावला नाही. काचेसकट टेबलावर आडवा ठेवलात, दोन्ही बाजूंनी तिरके लाइट लावलेत, कॅमेऱ्याच्या मागं काळं कापड धरलंत म्हणजे काचेत काही उमटायला नको, आणि वरून चार-पाच फोटो घेतलेत. पुराच्या पाण्यानं चिकटलेला फोटो काचेवरून ओढायचाच नसतो, वरचा थर चित्रासकट काचेवर राहतो, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तो ब्लेडवाला आला. मग स्क्रीनवर तुम्ही लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे करून दाखवलेत, आणि लाल थरात जिथं आजीच्या गळ्याशी नुसता पांढरा धुरळा होता तिथं निळ्या थरात बोरमाळेचे मणी दिसले. जुन्या फोटोतली चांदी फिकी पडून पिवळट तपकिरी होते, आणि तो पिवळटपणा निळा उजेड अडवतो, म्हणून उरलंसुरलं चित्र निळ्यात जास्त सापडतं, एवढं मला समजलं. साठ वर्षं भिंतीवर होता हो तो फोटो, आणि ती बोरमाळ आम्ही कुणीच कधी बघितली नव्हती.

पण मला लिहायचंय ते त्या रात्रीच्या फोनबद्दल. साडेनऊ वाजले असतील, जेवणं झालेली. तुम्ही म्हणालात, "ताई, आजींच्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत एका ओळीत, आणि कपाळावर कुंकवाच्या खाली एक. हे डाग आहेत की गोंदण? आत्यांना विचाराल का, मी तोवर थांबतो." मी आत्यांना विचारलं तर त्या उठून बसल्या. म्हणाल्या, "व्हय की, आईनं माहेरी गोंदून घेतलं हुतं, हनुवटीवर तीन." आणि स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवून कुठं कुठं ते दाखवायला लागल्या, फोनवर तुम्हाला दिसत नसताना सुद्धा.

एवढाच प्रश्न, पण तो आधीच्या दोघांनी विचारला नव्हता. तुम्ही नंतर समजावून सांगितलंत की डाग काढणाऱ्या सॉफ्टवेअरला चिखलाचा ठिपका आणि गोंदणाचा ठिपका सारखाच, काळा बारीक गोल दिसला की ते आजूबाजूच्या कातडीनं भरून टाकतं. तुम्हाला शंका आली कारण एका बाजूचा लाइट बंद केला की चिखलाचे डाग वेगळे दिसायचे, उठून यायचे, आणि हे चार ठिपके मात्र कुठल्याही लाइटमधे तसेच राहायचे, म्हणजे ते वर बसलेले नव्हते, चित्रातच होते.

आणि ती परकी बाई कुठून आली तेही तुम्ही दाखवलंत. मूळ फोटोत आजीचा चेहरा जेमतेम एक सेंटीमीटर. तुमच्या 600 डीपीआयच्या, म्हणजे इंचाला 600 पिक्सेलच्या हिशोबानं त्याला साधारण 236 पिक्सेल मिळतात, मोबाईलवरून काढून व्हॉट्सॲपनं आलेल्या फोटोत त्याच्या निम्मे सुद्धा नाहीत. एवढ्याशा धूसर चेहऱ्यावरून GFPGAN सारखं टूल 512 पिक्सेलचा कोरा चेहरा बनवतं, आणि जे दिसत नाही ते शिकलेल्या चेहऱ्यांवरून भरतं. ते 70,000 चेहऱ्यांवर शिकलंय, इंटरनेटवर लोकांनी टाकलेल्या आजकालच्या रंगीत फोटोंवर. त्यात नऊवारीतली, हनुवटी गोंदलेली, आमच्या तासगावकडची बाई कितीशी असणार? म्हणून ते डोळे सुंदर काढतं, पण ते डोळे आजीचे नसतात. तुम्ही थोरल्या काकांचा चेहरा, जो फोटो काढताना हलला होता, तो माझ्यासमोर दोनदा त्या टूलमधून काढलात, एकदा लहान आकारात आणि एकदा मोठ्या. दोन वेगळी माणसं आली! एकाच्या भुवया जाड, दुसऱ्याच्या पातळ, नाकही वेगळं. तुम्ही म्हणालात, दरवेळी बदलतंय ते फोटोत नाही, मशीनच्या मनातलं आहे. तेव्हापासून मी प्रत्येक "रिस्टोर" केलेल्या फोटोकडं त्याच नजरेनं बघते.

मग तुम्ही आजीच्या आणि काकांच्या चेहऱ्याला ते टूल लावलंच नाही. डाग हातानं एकेक काढलेत, उजेड-अंधार सारखा केलात, थोडासाच मोठा केलात आणि धूसर ते धूसर ठेवलंत. खरं सांगते, पहिल्यांदा बघितल्यावर मला जरा कमीच वाटलं, त्या लखलखीत प्रिंटची डोळ्याला सवय झाली होती. पण आत्यांनी बघितलं आणि लगेच म्हणाल्या, "हां. आता आई."

रंगाचंही तसंच. दुसऱ्या ठिकाणी काय झालं होतं ते तुम्ही सांगितलंत, की काळ्यापांढऱ्या फोटोत फक्त उजळ किती आणि गडद किती एवढंच उरलेलं असतं, हिरवं लुगडं आणि लाल लुगडं एकाच राखाडी छटेचं येऊ शकतं, टूल फक्त अंदाज बांधतं, आणि खात्री नसली की निळसर नाहीतर मातकट रंग देऊन मोकळं होतं. तुम्ही ऑटोमॅटिक रंग DDColor नं आधी भरून घेतलात, लाकडी खुर्ची, जमीन, मागचा पडदा यांना तो ठीकच होता, पण लुगड्याला हात लावायच्या आधी आत्यांना दुकानात बोलावलंत. त्यांना खुर्ची दिलीत, पाणी दिलंत, स्क्रीन माझ्याकडं नाही तर त्यांच्याकडं वळवलीत. आत्या म्हणाल्या हिरवं इरकली होतं, पदर लाल. तुम्ही चार हिरवे दाखवलेत. त्यांनी तिसरा निवडला, परत नको म्हणाल्या, परत तोच म्हणाल्या, आणि तुम्ही एकदाही घाई केली नाही, मागं गिऱ्हाईक उभं असताना. तुम्ही वेगळ्या लेयरवर नुसता रंग चढवलात, खालचा उजेड-सावली तशीच ठेवलीत, म्हणून निऱ्या खऱ्या वाटतात.

आजीचा रंगही मशीननं गुलाबीसर केला होता. फिक्या पडलेल्या फोटोत कातडी उजळच दिसते, ते तेच खरं धरून चालतं. आत्यांनी त्यांचा स्वतःचा हात स्क्रीनजवळ धरला आणि म्हणाल्या आई माझ्यापेक्षा सावळी होती. तुम्ही त्या हाताकडं बघून रंग जुळवलात. कुंकू मात्र काळपटच राहिलं, फोटोत लाल रंग इतका गडद उमटलाय की त्यावर लाल चढवला तरी डाळिंबी होतो आणि उजळ केला तर चिकटवल्यासारखा दिसतो. तुम्ही ते तसंच सोडलंत आणि तसं सांगितलंत, लपवलं नाही.

मला सगळ्यात जास्त आधार वाटला तो प्रिंटच्या मागं तुम्ही पेनानं लिहिलेल्या ओळींचा. "लुगड्याचा आणि कातडीचा रंग मुलीच्या आठवणीवरून. बाकी रंग अंदाजाने. उजवा कोपरा नव्याने भरलेला." माझ्या नातवंडांनी उद्या हा फोटो बघितला तर खरं कुठलं आणि भरलेलं कुठलं ते त्यांना कळेल. पेनड्राइव्हमधे तीन फाइल दिल्यात, एक जशीच्या तशी, एक दुरुस्त केलेली काळीपांढरी, एक रंगीत, आणि पैसे सांगितलेत ते ऐकून मीच दोनदा विचारलं. दुसऱ्याच्या आईच्या चेहऱ्याला हात लावायच्या आधी विचारणारी माणसं फार कमी भेटतात दादा.

रंगीत फोटो आत्यांच्या खोलीत लावलाय. मूळ फोटो अजून त्याच काचेला चिकटलेला आहे, तुम्ही सांगितल्याप्रमाणं ओढला नाही, कापडात गुंडाळून वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवलाय. खाली भिंतीवर पाण्याची खूण अजून आहे, कपाट तिच्या बरंच वर आहे. आत्या रोज संध्याकाळी दिवा लावला की फोटोजवळ जाऊन आजीच्या हनुवटीवर बोट ठेवतात, एक, दोन, तीन.