सन 1173 म्हणजे इसवी सन 1173 नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पान तीनवर आपण ‘खानापूर तालुक्यात सापडला साडेआठशे वर्षांपूर्वीचा मोडी दस्तऐवज’ ही बातमी छापली आहे. सीमाभागाच्या मराठीपणाचा हा सर्वांत जुना कागदी पुरावा आहे, असेही तिच्यात म्हटले आहे. सोबतचा फोटो मी भिंग घेऊन वाचला. काल रात्रीच लिहायला बसलो होतो, पण राग जरा ओसरू दिला.

तो कागद साडेआठशे वर्षांपूर्वीचा नाही. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि हे खुद्द त्याच कागदावर लिहिलेले आहे.

तिसऱ्या ओळीत ‘सन सलास सबैन मया व अलफ’ असे शब्द आहेत. सलास म्हणजे तीन, सबैन म्हणजे सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज 1173. आपल्या तज्ज्ञांनी बेरीज बरोबर केली आणि तिथेच थांबले. पण हा शुहूर सन आहे. मृग नक्षत्राला सुरू होतो म्हणून जुनी माणसे त्याला मृगसाल म्हणत. इसवी सन काढायचा तर मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला त्यात 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेला 600. म्हणजे कागद 1772-73 चा झाला.

यावर विश्वास नसेल तर पहिली ओळ पाहावी. तिथे ‘शके 1694 नंदन नाम संवत्सरे मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी’ असे स्वच्छ लिहिले आहे. शकात 78 मिळवले की 1772 येतात. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे. शके 1934 ला, म्हणजे 2012 च्या पाडव्याला, नंदन संवत्सर लागले होते हे कुठल्याही जुन्या पंचांगात सापडेल. तिथून साठ-साठ वर्षे चार वेळा मागे गेले की बरोबर 1694 येते. शुहूर सनापुढे ‘छ 12 रमजान’ आहे. छ म्हणजे चंद्र. थोरले माधवराव पेशवे कार्तिक वद्य अष्टमीला थेऊरला वारले, ती तारीख 18 नोव्हेंबर 1772. तिथून तिथी मोजत आलो की मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी 8 डिसेंबरच्या आसपास पडते, आणि त्या वर्षीच्या रमजानचा बारावा चंद्रही त्याच सुमाराला येतो. शक, संवत्सर, तिथी आणि चंद्र अशा चार खुणा एकाच दिवसापाशी येऊन मिळतात. खऱ्या कागदाची ही पहिली परीक्षा असते, आणि हा कागद तीत उतरला आहे. त्याला आणखी सहाशे वर्षे चिकटवण्याची काही गरज नव्हती.

इसवी सन 1173 मध्ये या भागात गोव्याच्या कदंबांचे राज्य होते. त्या काळच्या इथल्या नोंदी दगडावर आणि तांब्यावर आहेत. हलशीच्या नरसिंह मंदिरातला 1169 चा शिलालेख पाहावा, त्यात काळ कलियुगाच्या वर्षांनी मोजला आहे. अरबी शब्दांत सन लिहिलेला कागद त्या राज्यात कोण लिहिणार होते?

मला जास्त लागले ते पुढचेच. आपण म्हणाल, वर्ष चुकले तर चुकले, मराठीचा पुरावा तर आहे ना? महोदय, मी याच मातीतला मराठी माणूस आहे, आणि असले पुरावे आपलेच नुकसान करतात. उद्या धारवाडचा कोणीही अभ्यासक पाच मिनिटांत हे दाखवून देईल, आणि त्यानंतर आपला खरा कागदही कोणी हातात धरणार नाही. हलशीलाच पाचव्या-सहाव्या शतकातले कदंबांचे ताम्रपट सापडले. काकुस्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा, हरिवर्मा ही राजांची परंपरा जुळवताना ज्यांच्यावर भिस्त ठेवावी लागते ते हे ताम्रपट. त्यांची भाषा संस्कृत आहे आणि लिपी दक्षिणी. एवढ्या मोलाची साधने, पण आजच्या भांडणात ती कोणत्याच बाजूने साक्ष द्यायला येत नाहीत. कागदाची भाषा कोणती यावरून त्याचे महत्त्व ठरवायला बसलो की हलशीचे ताम्रपटही बाजूला ठेवावे लागतील.

मग 1772 च्या या कागदाचे महत्त्व कशात आहे? जेवढे दिसते त्यावरून हा महजर आहे, म्हणजे वादाचा निवाडा गोतसभेसमोर होऊन लिहिलेला कागद. महजरात वरच्या मजकुराइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, तळाचा भाग मोलाचा असतो. सभेला कोण कोण बसले होते त्यांची नावे तिथे येतात. पाटलाची निशाणी नांगर. बलुतेदार आपापल्या हत्याराची खूण काढतात. आपल्या भागातल्या अशा कागदांत मराठी मजकुराखाली कानडी अक्षरांतल्या सह्या मी स्वतः पाहिल्या आहेत. तेव्हा हा मुलूख कधी पेशव्यांकडे, कधी कोल्हापूरकरांकडे, कुठे कित्तूरच्या देसायांकडे होता. अशा दिवसांत या गावाने वाद कोणापुढे नेला, निवाड्यावर शिक्का कोणाचा बसला, हे कुठल्या बखरीत मिळायचे नाही. ते याच कागदाच्या तळाशी मिळेल.

आणि आपण नेमका तोच भाग कापून फोटो छापला आहे! वरचा ‘श्री’ आणि शिक्का ठळक दिसतो, तळाची नावे गायब. अस्सल कागदाच्या शेवटी मोर्तब असते, ‘मर्यादेयं विराजते’ किंवा ‘लेखनसीमा’ अशा अक्षरांचा छोटा ठसा. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी ओळ घुसडू नये, म्हणून तो असतो. लांब कागद तावाला ताव चिकटवून केलेला असतो, आणि मधला ताव कोणी बदलू नये म्हणून पाठीमागे सांध्यावर शिक्के मारलेले असतात. कागद खरा की बनावट हे ठरवताना आधी शेवट पाहायचा, मग पाठ. आपल्या फोटोत या दोन्ही गोष्टी नाहीत.

इतके कळवळून लिहितो त्याला कारण आहे. निपाणीकडे माझ्या मावशीच्या सासरी एक ताम्रपट होता आणि त्याच ट्रंकेत लाल कापडात बांधलेला मोडी कागदांचा रुमाल होता. एका संस्थेचे लोक आले. ताम्रपटाला हार घातला, फोटो काढले, पावती देऊन तो घेऊन गेले. रुमाल उघडूनही पाहिला नाही. ‘शे-दीडशे वर्षांचे हिशेब आहेत, त्यात काही नाही,’ असे काकांना सांगितले. काकांनी ते खरे मानले. पावसाळ्यात ट्रंक गळक्या खोलीत गेली आणि रुमाल शेवटी रद्दीवाल्याच्या गाडीवर चढला.

आता त्या ताम्रपटाचे ऐका. त्यावर शके 1160 होते, म्हणजे 1238, यादवांचा काळ. संवत्सर ‘शुभकृत’ लिहिले होते. पण शके 1160 ला विलंबी संवत्सर येते. एका वर्षाचा फरक मी सोडून देईन, कारण जुन्या लेखांत कधी गत वर्ष लिहीत, कधी चालू. इथे फरक चार वर्षांचा होता. पत्रा एकच, दोन्ही बाजूंनी कोरलेला, कडीसाठी भोक नाही. त्या काळातल्या राजदानाचे साधारणपणे दोन-तीन पत्रे असतात, ते कडीत ओवलेले आणि कडीवर राजमुद्रा. अक्षरे घासू नयेत म्हणून पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी ठेवलेली असते. आणि मजकुरात ‘इनाम’ आणि ‘मौजे खुर्द’! यादवांच्या दानपत्रात फारसी कचेरीचे हे शब्द कुठून आले? अक्षराचे वळणही पेशवाईतल्या बाळबोधाचे होते. हे सगळे पुढे एका जाणकाराने त्या संस्थेला लेखी कळवले. ताम्रपट अजून काचेच्या कपाटात आहे, खालची पाटीही तीच आहे.

असा पत्रा कोणी का करून घेतला असेल, तेही सांगतो. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनने आपल्या दक्षिण मराठा मुलखातल्या इनामदारांकडे सनदा मागितल्या. ज्याला सनद दाखवता आली नाही त्याची जमीन धोक्यात आली. पुरावा मागितला गेला की काही घरांत पुरावा तयार होतो. त्याआधीही वतनाच्या भांडणांत हे चालत असे. म्हणून तो पत्राही फेकून द्यावा असे मी म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या एका घाबरलेल्या कुटुंबाची ती साक्ष असू शकते, मात्र पाटीवर तसे लिहायला हवे. आणि नक्कल म्हणजे बनावट, असेही कोणी समजू नये. मूळ सनद जीर्ण झाली म्हणून कुलकर्ण्याने खाली ‘नक्कल’ लिहून उतरवून ठेवलेला कागद पुष्कळदा पूर्ण विश्वासाचा असतो.

रद्दीत गेलेल्या रुमालातले चार-दोन कागद मी त्याआधी वाचले होते. एक खरेदीखत होते. शेताची चतुःसीमा, पूर्वेला ओढा, दक्षिणेला कोणाचे शेत, किती रुपयांना दिले, आणि कर्ज फिटेना म्हणून दिले. लावणीपत्रकांत कुळांची नावे होती. त्या गावातल्या या माणसांची दुसरी नोंद मला आजपर्यंत कुठे मिळालेली नाही.

आणखी एक. आपल्या फोटोत कागदाच्या मधल्या घडीवर पारदर्शक चिकटपट्टी चमकते आहे. ती कोणी लावली असेल त्याने आता ओढून काढू नये, शाईसकट कागदाचा थर निघून येईल. वाड्याच्या मालकांनी तो कागद लॅमिनेट करण्याचा विचार बोलून दाखवला आहे, असेही बातमीत आहे. कृपया त्यांना आजच कळवा. त्या उष्णतेने आणि प्लास्टिकने कागद कायमचा अडकतो, पुढे दुरुस्तीसाठी सुटा करता येत नाही. तूर्त तो सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी आडवा ठेवावा. घडी पुन्हा पुन्हा घालू नये, आणि पाठीवर बॉलपेनने नंबरही टाकू नये.

आपल्याकडून मला दोनच गोष्टी हव्या आहेत. वर्षाची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी. आणि आपल्या बातमीदाराला पुन्हा पाठवून त्या कागदाच्या तळाचा आणि पाठीचा फोटो मागवावा. तो छापून आला तर नावे वाचून, लिहून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव