कमोडवर बसल्यावर दुखतं का, हे विचारणाऱ्या फिजिओ मॅडमना

नमस्कार मॅडम,

तुमच्याकडे आलो तेव्हा सात महिने होऊन गेले होते. वृषणं आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेत मिरची लागल्यासारखी आग व्हायची. ऑफिसात वीस मिनिटं बसलो की सुरू, उभा राहिलो की कमी. प्रोस्टेटची सूज समजून अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले होते, लघवीचं कल्चर मात्र दोन्ही वेळा स्वच्छ. घरी कोणाला सांगायची सोय नव्हती.

तुम्ही आधी रिपोर्ट उघडलेच नाहीत. विचारलंत, "कमोडवर बसल्यावर दुखतं का?" मी चमकलो, कारण तिथे खरंच दुखत नव्हतं. मग विचारलंत, रात्री दुखण्यानं जाग येते का? येत नव्हती. कापसाच्या बोळ्यानं दोन्ही बाजूंचा स्पर्श तपासलात, तो सारखा होता. बधिरपणा असता, लघवी अडली असती किंवा पायातला जोर गेला असता तर लगेच मणक्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं, हेही सांगितलंत.

मग कागदावर पेननं ओटीपोटाची हाडं काढलीत. त्या जागेची संवेदना नेणारी प्युडेंडल नर्व्ह माकडहाडाजवळच्या दोन लिगामेंटांच्या मधून येते आणि बैठकीच्या हाडाच्या आतल्या बाजूनं, एका चिंचोळ्या बोगद्यातून पुढे जाते. खुर्चीवर किंवा सायकलच्या सीटवर भार मधल्या भागावर आला की ती दाबली जाते. कमोडला मधे भोकच असतं, म्हणून तिथे सुटका. सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्या दुखण्याला आकार आला.

"ती नस बधिर करणारं नर्व्ह ब्लॉकचं इंजेक्शन दिल्याशिवाय शंभर टक्के खात्री देणार नाही," हे तुम्ही स्पष्ट म्हणालात. त्या प्रामाणिकपणामुळेच विश्वास बसला.

इंटरनेटवर वाचून मी रोज केगल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम, करत होतो. तुम्ही ते त्याच दिवशी बंद करायला लावलंत. तपासताना स्नायू आधीच आवळलेले लागले होते, त्यांना आणखी आवळून आग वाढत होती. त्याऐवजी आडवं पडून, गुडघे वर घेऊन, पोट फुगवत श्वास घ्यायचा आणि खालचा भाग सैल सोडायचा. खुर्चीवर टॉवेलच्या दोन जाड गुंडाळ्या, मधे मोकळी जागा, म्हणजे भार बैठकीच्या दोन हाडांवर. मधे भोक असलेली गोल उशी मी आणली होती, ती तुम्ही परत पाठवलीत. तिचा काठ नेमका दुखऱ्या जागी येत होता.

सायकल तर तुम्ही क्लिनिकमध्येच मागवलीत. मागे उभं राहून पाहिलंत आणि म्हणालात, "पॅडल खाली गेलं की कंबर डावी-उजवीकडे झुलतेय." सीट दीड सेंटीमीटर उतरवली, नाक किंचित खाली केलं. पण त्यावर बसायला तीन महिने परवानगी नव्हती, आणि मी चिडलो होतो. त्याबद्दल माफ करा.

आता सव्वा तास सलग बसता येतं. लांबच्या बसप्रवासानंतर अजून आग होते, दोन दिवसांत उतरते. इंजेक्शनची वेळ आली नाही. गेल्या रविवारी मधे खाच असलेल्या नव्या सीटवर बारा किलोमीटर गेलो, दर दहा मिनिटांनी पॅडलवर उभा राहत, तुम्ही सांगितलं होतं तसंच.

तुमचा तो कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

तुमचा ऋणी,
बुधवारी संध्याकाळी सहाला येणारा पेशंट